स्क्रीनशॉटची भीती आणि धूसर पानं

‘इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलमध्ये विकायच्या प्लॅनरची पानं स्पष्ट दाखवली तर लोक स्क्रीनशॉट काढून फुकट वापरतील ना? म्हणून धूसरच टाकावीत?’

नाही. इन्स्टाग्रामवरचं चित्र साधारण 1080 पिक्सेल रुंद असतं. A4 कागद नीट छापायला 2480 लागतात. त्यामुळे स्क्रीनशॉट छापला की चौकटींच्या रेषा फाटतात, बारीक अक्षरं पुसट होतात. एकपानी साधी यादी मात्र कुणीही उतरवून घेईल. ती नमुना म्हणून फुकटच द्यावी.

स्प्रेडशीटचं तर चित्र नेलं तरी सूत्रं जात नाहीत. समजा, इंदूरच्या डबेवाल्या काकूंसाठी महिन्याची हिशेबशीट आहे. दुसऱ्या स्लाइडवर भरलेली एकच ओळ मोठी करून दाखवा: 26 हजेऱ्या, डबा 80 रुपये, येणं 2080. त्या येण्यामागे हे सूत्र असतं, महिन्यातले हजेरीचे ‘ह’ मोजून AH5 मधल्या डब्याच्या दराने गुणणारं:

```
=COUNTIF(C5:AG5,"ह")*AH5
```

धूसर चित्रात नेमकी ही भरलेली ओळच दिसत नाही आणि गिऱ्हाईक पुढे सरकतं. पोस्टमध्येही ‘सुंदर प्लॅनर’ लिहिण्यापेक्षा ‘कोणाचे किती डबे, लगेच कळतं’ एवढं पुरे.

खरी गळती लिंकमधून होते. गूगल शीटची संपादनाची लिंक दिली की पहिलंच गिऱ्हाईक मूळ शीटमध्ये आपली नावं भरतं. म्हणून परवानगी फक्त पाहण्याची ठेवा आणि लिंकमधलं `/edit` पासून पुढचं काढून `/copy` लिहा. प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते. ही लिंक पोस्टमध्ये नको, पैसे आल्यावर मिळणाऱ्या पीडीएफमध्ये द्या. पुढे कुणी ती वाटलीच, तर ते थांबवता येत नाही.