गोरेपणाला संमती कोण देतं?

जून २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढायचं जाहीर केलं आणि वर्णभेद हरला, असं बऱ्याच जणांना वाटलं. तेव्हाच्या चर्चेत एक गैरसमज वारंवार दिसला: कंपन्यांनी जाहिराती करून भोळ्या बायकांना फसवलं. मग शिकल्यासवरल्या, कमावत्या मुलीही हे क्रीम का घेत होत्या, याचं उत्तर फसवणुकीच्या सिद्धांतात सापडत नाही. धुरीणत्वाच्या सिद्धांतात ते सापडतं.

हा सिद्धांत अंतोनिओ ग्राम्शी या इटालियन विचारवंताने मांडला. मुसोलिनीच्या राजवटीने त्याला १९२६ मध्ये अटक केली, आणि १९२९ पासून तो तुरुंगात वह्या भरत गेला. त्याला छळणारा प्रश्न असा: पोलीस आणि लष्कर रोज दारात उभं नसतानाही दबलेले लोक व्यवस्था का चालू देतात? त्याचं उत्तर असं की सत्ता बळाबरोबरच संमतीवरही टिकते. संमतीने टिकणाऱ्या या वर्चस्वालाच तो धुरीणत्व म्हणतो. वरच्या गटाचा दृष्टिकोन शाळा, धर्मसंस्था, वर्तमानपत्रं यांतून झिरपत खाली येतो आणि ‘हे असंच असतं’ अशी सर्वांची सामान्य समज होऊन बसतो. ही समज एकसंध नसते. तिच्यात जुने-नवे, एकमेकांशी न जुळणारे थर असतात. सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडणारं घर मुलासाठी ‘गोरी, सुस्वरूप’ वधू पाहिजे अशी जाहिरात देतं, आणि त्यात कोणालाच काही खटकत नाही.

हे क्रीम १९७५ मध्ये बाजारात आलं. गोरेपणाची ओढ त्याच्या कितीतरी आधीची. उन्हात राबणाऱ्यांचा आणि सावलीत बसणाऱ्यांचा फरक, जात, गोऱ्या साहेबाचं राज्य, हे सगळं तिच्यात मिसळलेलं आहे. जाहिरातीने ती निर्माण केली नाही. जाहिरातीने तिला एक साखळी जोडली: रंग उजळला की आत्मविश्वास, मग नोकरी किंवा स्थळ. या क्रीमची एक गाजलेली जाहिरात पाहा. बेताच्या पेन्शनवर घर चालवणारा बाप मुलगा असता तर बरं झालं असतं, असं म्हणतो. मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, हवाईसुंदरी होते आणि बापाला घेऊन मोठ्या हॉटेलात जाते. मुलगी मुलाइतकीच कर्तबगार असते, ही स्त्रीमुक्तीची मागणी इथे मान्य आहे. फक्त त्या कर्तबगारीचा रस्ता ट्यूबमधून जातो. विरोधकांची अर्धी मागणी उचलून आपल्या गाडीला जोडणं, हे धुरीणत्वाचं खरं तंत्र.

आता घेणारीच्या जागी उभं राहा. स्थळं रंगावरून परत जातात, हे तिने घरात पाहिलेलं असतं. लग्नाचा बाजार ती एकटी बदलू शकत नाही, पण काही रुपयांचं पाकीट घेऊ शकते. तिच्यापुरता हा निर्णय शहाणपणाचाच आहे. पण लाखो जणींचे असे निर्णय एकत्र आले की ज्या कसोटीने त्या भरडल्या जातात, तीच पक्की होते. संमती अशी तयार होते. त्यासाठी मूर्ख असावं लागत नाही. (गरोदरपणात केशरदूध प्यायल्याने बाळ गोरं होतं, हीही त्याच ओढीतून टिकलेली अंधश्रद्धा. बाळाचा वर्ण जनुकांवरून ठरतो, केशराचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

विरोध झाला तेव्हा काय घडलं, हे तर फारच शिकण्यासारखं आहे. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या मोहिमेनंतर २००३ मध्ये कंपनीला दोन जाहिराती थांबवाव्या लागल्या. त्याच वर्षी क्रीमच्याच नावाचं एक प्रतिष्ठान निघालं, महिलांच्या सक्षमीकरणासाठी. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम केला: सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा लग्न-नोकरीत मागे पडलेली दाखवायची नाही. २०२० मध्ये नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. प्रत्येक वेळी मिळालेली सवलत खरी होती. ती लढून मिळाली, आणि तिच्यामुळे पडद्यावरचा उघड अपमान कमी झाला. पण प्रत्येक सवलतीनंतर माल मात्र दुकानात कायम राहिला.

या संकल्पनेचा गैरवापरही होतो. न आवडणाऱ्या प्रत्येक लोकप्रिय गोष्टीला धुरीणत्व म्हटलं की त्या शब्दाने काहीच कळत नाही. दोन गोष्टी तपासाव्यात: त्या समजुतीने तोटा होणारे लोकच ती बाळगतात का, आणि ती मोडणाऱ्याला काही किंमत मोजावी लागते का? ठरावीक टूथपेस्ट आवडणं या कसोटीत बसत नाही, कारण ती बदलली म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही. गोरेपण दोन्हींत बसतं. आणि नाव बदलल्यावर जाहिरात बदलली का, हे बघायचं असेल तर आवाज बंद करून तिची पहिली आणि शेवटची चौकट शेजारी ठेवा. ‘ग्लो’ म्हणत असताना चेहऱ्याचा रंग किती छटा उजळला, ते डोळ्यांनाच दिसेल.