एका कॅमेऱ्यावर लग्नाचं शूटिंग

एका कॅमेऱ्यावर लग्नाचं शूटिंग म्हणजे एकच व्हिडिओवाला, एकच कॅमेरा, आणि समोर असे विधी की ज्यांना रिटेक नसतो. फोटोग्राफर हार पुन्हा घालायला लावू शकतो आणि लावतातही, पण अंतरपाट बाजूला झाल्यावर दोघांच्या चेहऱ्यावर जे येतं ते दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून या कामात आधी ठरवायचं असतं ते हे, की कुठल्या क्षणाला कॅमेरा कुठे उभा असेल आणि तो क्षण मिळण्यासाठी दुसरं काय सोडायचं. इथे महाराष्ट्रातल्या हॉलमधल्या लग्नातला मंगलाष्टकं ते हार एवढाच तुकडा घेतलाय, कारण एका कॅमेऱ्याची सगळी अडचण त्यात दिसते.

आधी जागेचं बघू. अंतरपाट म्हणजे वधू-वरांच्या मधे धरलेलं पांढरं कापड, त्यावर बहुतेक वेळा कुंकवाचं स्वस्तिक. दोन टोकांना दोघं धरून उभे, वधूच्या मागे मामा आणि करवली, वराच्या मागे त्याचा मामा. दोघांचे चेहरे सारखे दिसावेत म्हणून कॅमेरा अंतरपाटाच्या रेषेतच उभा करावा असं वाटतं, पण त्याच रेषेत टोक धरणारा माणूस उभा असतो आणि फ्रेममधे त्याची पाठ भरते. मग थोडं एका बाजूला सरकावं लागतं, आणि सरकलं की एक चेहरा समोरून आणि दुसरा जरा पाठमोरा येतो. कोणाचा चेहरा समोरून घ्यायचा हे स्टेजवर ठरवू नये, आदल्या दिवशी दोन्ही घरच्यांशी बोलून ठेवावं. गुरुजींना दोन गोष्टी आधीच विचारायच्या, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार आणि शेवटचं मंगलाष्टक कुठलं म्हणणार. बऱ्याच ठिकाणी ते ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ असतं, ते कानावर पडलं की समजायचं आता काही सेकंदच उरलेत.

अंतर आठ-दहा फूट पुरतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमीच्या आसपास लेन्स ठेवली तर एवढ्या अंतरावरून साधारण दहा फूट रुंदी येते, दोघं, हार आणि मागची माणसं त्यात बसतात. लांबून झूम लावून उभं राहू नये, कारण ‘सावधान’ झालं की लोक अक्षता टाकायला हात वर करतात, मोबाईल वर येतात, आणि लांबच्या कॅमेऱ्याला त्या हातांपलीकडचं काहीच दिसत नाही.

आता वेळेचा हिशेब. समजा मुहूर्त १२ वाजून ३६ मिनिटांचा आहे आणि आठ मंगलाष्टकं म्हणायची आहेत, गाऊन म्हटलं तर एकाला साधारण मिनिट लागतं. म्हणजे १२.२८ च्या सुमारास सुरुवात. त्याआधी मामा वधूला गौरीहराकडून घेऊन येतात, तेही एकदाच होतं. म्हणून १२.१० ला, बॅटरी अर्धी शिल्लक असली तरी, नवीन बॅटरी आणि रिकामं कार्ड घालायचं. फोरकेमधे १०० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी जातात, ६४ जीबीचं कार्ड जेमतेम सव्वा तास, आणि ते संपणार तर नेमकं मंगळसूत्राच्या वेळी.

पहिलं मंगलाष्टक दोघांवर घ्यायचं. दुसरं ते पाचवं या चार मिनिटांत फिरायचं: अक्षता मुठीत धरलेले हात, गाणाऱ्या आत्या, पहिल्या रांगेतले आजोबा. काही घरांत मंगलाष्टकं चालू असताना वधूची आई मांडवात नसते, तुळशीपाशी बसलेली असते, हे आधी माहीत असेल तर तिच्याकडे जाऊन यायला याच चार मिनिटांत वेळ मिळतो. सहाव्याला परत जागेवर यायचं, आठव्यापर्यंत थांबायचं नाही, कारण मुहूर्त जवळ आला की गुरुजी एखादं मंगलाष्टक गाळतात किंवा नातेवाईकांपैकी कोणी ऐनवेळी गायला नको म्हणतं. माझ्याकडून एकदा हेच झालं, मी पाहुण्यांमधे होतो आणि मागून एकदम ताशा वाजला, आणि त्या घरच्यांच्या व्हिडिओत अंतरपाट निघण्याचा क्षण नाहीये, आजही नाहीये.

जागेवर आलं की रेकॉर्ड चालू करायचं आणि हार घालून होईपर्यंत बंद करायचं नाही. घाईत बटण दोनदा दाबलं जातं, मग माणूस समजतो चालू आहे आणि ते बंद असतं. हे कळतं घरी गेल्यावर, जेव्हा कार्डात जमिनीचं आणि बुटांचं हलतं फुटेज सापडतं आणि लग्न सापडत नाही. त्यामुळे लाल खूण दिसते का आणि आकडे पुढे सरकतायत का, दोन्ही बघायचं. शटर १/५० ठेवायचं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे हॉलचे दिवे लुकलुकत नाहीत.

सगळ्यात जास्त घात करतो तो अंतरपाट स्वतःच. पांढरं कापड फ्रेममधे मोठं असलं की ऑटो एक्सपोजर चित्र काळवंडवतं, आणि कापड निघालं की दोन-तीन सेकंदांत पुन्हा उजळवतं, म्हणजे बरोबर ज्या सेकंदांसाठी आपण उभे आहोत तिथेच चेहऱ्यांचा उजेड बदलतो. ऑटोफोकसचंही तेच, तो कापड पकडून बसतो आणि नंतर उडणाऱ्या अक्षतांमागे धावतो. उपाय साधा आहे, सातव्या मंगलाष्टकाच्या आधी वधूच्या चेहऱ्यावर एक्सपोजर आणि फोकस लावून दोन्ही मॅन्युअल करून टाकायचे, आणि एफ ५.६ च्या आसपास ठेवायचं म्हणजे वरही फोकसमधे राहतो. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवावा, थोडे दाणे दिसलेले चालतात. फोटोग्राफरच्या फ्लॅशचे अर्ध्या फ्रेमवर येणारे पांढरे पट्टे मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत टळत नाहीत, ते एडिटिंगमधे एक-दोन फ्रेम काढून झाकावे लागतात.

आवाज वेगळा घ्यायचा, आणि मला तरी ही एका कॅमेऱ्याच्या शूटिंगमधली सगळ्यात मोठी सोय वाटते. गुरुजींच्या माईकजवळ किंवा साऊंडवाल्याच्या मिक्सरला छोटा रेकॉर्डर लावून तो १२.२० पासून अखंड चालू ठेवला की कॅमेरा कुठेही फिरला तरी मंगलाष्टकं तुटत नाहीत, आणि आजोबांचा शॉट तिसऱ्या ऐवजी सातव्यावर टाकला तरी ऐकणाऱ्याला खटकत नाही. फक्त पातळी गुरुजींच्या आवाजावर न लावता वाजंत्रीच्या हिशेबाने लावायची, गुरुजींचा आवाज मग बारीक वाटला तरी नंतर वाढवता येतो, फाटलेली सनई दुरुस्त होत नाही.

जे मिळत नाही ते घरच्यांना आधीच सांगावं. अक्षता टाकणारे पाहुणे आणि हार घालणारी जोडी एका वेळी येणार नाहीत, जोडीच येईल. मित्र वराला उचलून धरतात तेव्हा झूम मागे घेऊन वाइड करायचं, आत जायचं नाही, कारण हार वर जातो आणि क्लोजमधून निसटतो.

पुढचे विधी त्या मानाने सावकाश होतात. सप्तपदीत सात पावलं असतात, एखादं चुकलं तरी सहा हातात राहतात. कानपिळी मात्र कोणी सांगून करत नाही, तेव्हा लाजाहोमाला लाह्या घालायला वधूचा भाऊ पुढे आला की कॅमेरा त्याच्या हातावरून हलवू नये. आणि घरी गृहप्रवेशाला नवरीच्या मागून आत जायला गेलं तर माप ओलांडताना फक्त शालूची पाठ मिळते, त्यामुळे तिच्या आधी उंबऱ्याच्या आत जाऊन खाली बसायचं, कॅमेरा मापाच्या उंचीवर.