पावणेचौदा हजार म्हणजे नक्की किती?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले की दुकानातला दिवाणजी दिवसभराचे व्यवहार मोबाइलला तोंडी सांगतो आणि आवाजाचा मजकूर होतो. तो साधारण असा दिसतो:

"खातं सतरा, हळकुंड, बारा पोती, सहा क्विंटल अठ्ठेचाळीस, दर पावणेचौदा हजार. त्याचाच गड्डा पाच पोती, पावणेतीन क्विंटल, दर सव्वाबारा. खातं तेवीस, हळकुंड नऊ पोती, चार क्विंटल ऐंशी, दर तोच."

हा मजकूर भाषा मॉडेलला देऊन "प्रत्येक शेतकऱ्याची हिशेबपट्टी तयार कर" असं एका दमात सांगता येतं. पट्टी येतेही, आणि दिसते अगदी नीटनेटकी. पण त्या एका वाक्यात चार वेगळी कामं दडलेली असतात: व्यवहार ओळखणं, शब्दांचे आकडे करणं, गुणाकार-वजाबाकी आणि शेवटी पट्टीचा मजकूर. चुकलेल्या पट्टीकडे नुसतं बघून यांतलं कुठलं काम बिघडलं ते कळत नाही. समजा, क्विंटलमागे दर 14,750 असा आला. दिवाणजीच तसं बोलला होता, की मॉडेलनं "पावणे" म्हणजे पाऊण अधिक असं धरलं? मधला टप्पा कुठेच उमटलेला नसल्यामुळे शोधायला जागाच नाही. या एका चुकीत खातं 17 च्या हळकुंडावर 6,480 रुपयांचा फरक पडतो.

म्हणून कामाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा प्रॉम्प्ट द्यायचा. पहिल्या प्रॉम्प्टचं काम फक्त उतरवून घेण्याचं:

```
खालच्या मजकुरातल्या प्रत्येक व्यवहाराची एक ओळ दे.
रकाने: खाते | माल | पोती | वजन | दर
मजकुरातले शब्द जसेच्या तसे उतरव.
आकडे बदलू नकोस, हिशेब करू नकोस.
मजकुरात नसेल तिथे "नाही" लिही.
```

"नाही" लिहायची मोकळीक मुद्दाम दिली आहे. रकाना रिकामा ठेवायची सोय नसेल, तर मॉडेल शेजारच्या ओळीतला दर उचलून तिथे बसवतं आणि तो खराच वाटतो.

आता पहिली तपासणी, आणि ती मॉडेलकडून करून घ्यायची नाही. पोती, वजन आणि दर या रकान्यांतला प्रत्येक शब्दसमूह मूळ मजकुरात अक्षरशः सापडतो का, हे दहा-बारा ओळींचा प्रोग्राम पाहू शकतो. "पावणेचौदा हजार" मुळात आहे, पुढे जा. "14,750" मुळात नाही, थांब. मात्र ही तपासणी गाळलेली ओळ पकडू शकत नाही, कारण जी ओळ आलीच नाही तिच्यात शोधणार काय? त्यासाठी मजकुरात "पोती" हा शब्द किती वेळा आला ते मोजायचं. इथे 3 वेळा आला आहे, तर ओळीही 3 च हव्यात.

दुसरा टप्पा शब्दांचे आकडे करण्याचा. मराठीची खरी गंमत इथे आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे आपल्या कानाला सरळ वाटतात. मॉडेल मात्र मजकूर लहान तुकड्यांत फोडून वाचतं आणि देवनागरी शब्दाचे बऱ्याचदा बरेच तुकडे पडतात. "चौदा" हा ओळखीचा ऐवज. त्याच्या आधीचं "पावणे" पाव कमी करतं की पाऊण वाढवतं, इथे ते घसरू शकतं. सुदैवानं हे शब्द मोजकेच आहेत. त्यांचा एक तक्ता एकदाच करून ठेवला, की पावणे म्हणजे पुढच्या संख्येतून पाव वजा, सव्वा म्हणजे पाव अधिक, साडे म्हणजे अर्धा अधिक, हे प्रोग्रामला चोख जमतं. म्हणजे या टप्प्यावर मॉडेल लागतच नाही. काम फोडल्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच: कुठला तुकडा मॉडेलच्या हातून काढून घ्यावा, ते दिसायला लागतं.

पावणेचौदा हजारचे 13,750 झाले. सव्वाबारापुढे "हजार" नाही, ते यार्डात गृहीतच असतं. म्हणून दर 100 पेक्षा लहान आला तर हजारानं गुणायचं, हा नियम लिहून ठेवावा लागतो.

यानंतरची तपासणी पोत्यामागच्या वजनाची. 648 किलोला 12 पोती म्हणजे 54 किलो. 275 ला 5 म्हणजे 55. 480 ला 9 म्हणजे 53 च्या आसपास. दुकानातली पोती साधारण अशीच भरत असतील, तर 40 ते 70 ही मर्यादा ठेवायला हरकत नाही. "पावणेतीन क्विंटल" चुकून 375 किलो झालं, तर पोतं 75 किलोचं होतं आणि ओळ अडते. दराला मात्र अशी मर्यादा फारशी कामाची नाही. 13,750 आणि 14,750 हे दोन्ही दर एकाच दिवशी निघू शकतात, म्हणून तिथे जसाच्या तसा उतरवलेला शब्दच उपयोगी पडतो.

राहिली तिसरी ओळ: "दर तोच". तोच म्हणजे कुठला? नुकताच बोललेला गड्ड्याचा 12,250, की आधीच्या हळकुंडाचा 13,750? हळकुंडाचाच असणार, असं कुणीही म्हणेल. पण 4.80 क्विंटलवर हा फरक 7,200 रुपयांचा आहे. "तोच" तक्त्यात सापडत नाही, म्हणून ओळ दिवाणजीकडे परत जाते. एका दमातल्या प्रॉम्प्टमध्ये हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

तपासणीत ओळ अडली की पहिला मोह होतो तो मॉडेललाच "नीट बघ, बरोबर आहे ना?" असं विचारायचा. त्यातून फारसं निघत नाही. ते आधीचंच उत्तर उचलून धरतं, किंवा नुसत्या शंकेवरून बरोबर असलेलंही बदलतं. त्यापेक्षा नवा संवाद उघडावा, मूळ मजकूर आणि अडलेली ओळ एवढंच द्यावं आणि नेमकं कारण लिहावं: "दराच्या रकान्यातला शब्द मजकुरात सापडत नाही." असं दोनदा करूनही जमलं नाही तर माणसानं बघावं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ओळ तपासणीतून निसटली, तर ती नुसती नशिबानं निसटलेली असू शकते.

आणि तपासणीविना नुसते तुकडे केले तर? प्रत्येक टप्पा 100 पैकी 95 वेळा बरोबर येतो असं धरलं, तर एकामागून एक चार टप्पे मिळून 81 वेळाच बरोबर येतात. एका टप्प्यातली चूक पुढच्या टप्प्याला खरी माहिती म्हणून मिळते.

हिशेब स्प्रेडशीटचा. खातं 17 चे 89,100 आणि 33,687.50 मिळून 1,22,787.50. हमाली-तोलाई पोत्यामागे 15 रुपये धरली तर 17 पोत्यांचे 255 वजा जाऊन 1,22,532.50. पट्टीचा साचाही ठरलेलाच असतो. मॉडेलला शेवटचं काम उरतं ते गड्ड्याला दर कमी का, अशा एखाद्या ओळीच्या खुलाशाचं. त्या ओळीतला प्रत्येक आकडा स्प्रेडशीटमध्ये आहे का ते पाहायचं, पण आधी स्वल्पविराम काढून ५ आणि 5 एकच धरायचे. नाहीतर बरोबर पट्ट्याही अडतात.

पाच-सात व्यवहारांसाठी हा खटाटोप करू नये, हातानं लवकर होतं. आणि एक चूक या साखळीला दिसतच नाही: मोबाइलनं मुळातच "सतरा"चं "सत्तर" ऐकलेलं असलं तर पुढच्या सगळ्या तपासण्या बिनबोभाट पार पडतात. तिथे तोलाईदाराची वही काढावी लागते. त्या दिवशी कुणाकुणाचा माल काट्यावर चढला ते तिच्यात असतं, आणि खाली बेरीजही: 26 पोती, 1,403 किलो.