मिश्र विपणन गुणोत्तर

एखाद्या धंद्याची ठराविक काळातली एकूण खरी विक्री भागिले त्याच काळातला विपणनाचा एकूण खर्च, म्हणजे मिश्र विपणन गुणोत्तर. ऑनलाइन विक्री करणारी मंडळी याला एमईआर किंवा ब्लेंडेड रोआस म्हणतात. एकाच विक्रीवर अनेक जाहिरात-मंच हक्क सांगू लागले आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज वहीशी जुळेनाशी झाली, की या गुणोत्तराची गरज पडते.

इंदूरला राजवाड्याजवळ दुकान असलेले एक मराठी कुटुंब महेश्वरी साड्या स्वतःच्या वेबसाइटवरूनही विकते, असे समजू. ग्वाल्हेरच्या एक बाई सोमवारी इन्स्टाग्रामवर साडीची जाहिरात बघतात, तिच्यावर क्लिक करतात, पण घेत नाहीत. गुरुवारी त्या गूगलवर दुकानाचे नाव शोधतात, वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून आत येतात आणि एका इन्फ्लुएन्सरने दिलेला कूपन कोड टाकून साडी घेतात. बिल एकच फाटते. पण इन्स्टाग्रामची कंपनी मेटा क्लिकनंतरच्या 7 दिवसांतली खरेदी आपली धरते, गूगल अ‍ॅड्सची मुदत मुळात 30 दिवसांची असते आणि कूपनचा हिशेब तर वेगळाच लागतो. एका मंचाला दुसऱ्याकडचा क्लिक दिसत नाही, म्हणून प्रत्येक जण पूर्ण विक्री आपल्या नावावर मांडतो. यात लबाडी कुणाचीच नसते; प्रत्येकाने आपल्या नियमाने बरोबरच मोजलेले असते.

महिन्याअखेर मेटा 150 ऑर्डरी दाखवते, गूगल 100 आणि कूपनवर 30. बेरीज 280, आणि वेबसाइटवर आलेल्या ऑर्डरी मात्र 210. म्हणजे निदान 70 दावे जादा आहेत. निदान म्हणायचे ते एवढ्याचसाठी, की त्या 210 मधले काही जुने गिऱ्हाईक कोणतीही जाहिरात न बघता थेट आलेले असणारच. मात्र एकट्या मेटाचाच आकडा 210 च्या वर गेला, तर तो दोन मंचांमधला दुहेरी हिशेब नव्हे. एकच खरेदी मेटाला दोनदा कळवली जात असण्याचा दाट संभव असतो. खरेदी कळवणारा ब्राउझरमधला छोटा कोड, म्हणजे पिक्सेल, आणि सर्व्हरकडून जाणारी नोंद यांना समान ओळख-क्रमांक, म्हणजे `event_id`, नसला की असे होते. ते आधी दुरुस्त करावे.

साडी जीएसटीसह 4,200 रुपयांची, तेव्हा मंचांच्या पॅनेलांवरची बेरीज 11,76,000 रुपये होते. जाहिराती आणि इन्फ्लुएन्सर मिळून खर्च 2,00,000, म्हणजे खर्चाच्या मानाने विक्री, अर्थात रोआस, 5.88. आता वही उघडू. 210 पैकी 30 ऑर्डरी रद्द झाल्या किंवा पार्सले परत आली. कॅश ऑन डिलिव्हरीत हे नेहमीचेच. उरलेल्या 180 साड्यांचे जीएसटी वगळून 4,000 प्रमाणे 7,20,000 रुपये झाले. खर्चात एजन्सीची 25,000 फी धरायलाच हवी. मग 7,20,000 भागिले 2,25,000, म्हणजे 3.2.

3.2 चांगले की वाईट, हे नफ्याच्या प्रमाणावर ठरते, आणि इतर धंद्यांच्या आकड्यांशी तुलना करून ते कळत नाही. साडीची खरेदी, पॅकिंग, कुरिअर, पेमेंट गेटवे आणि परतीचा भुर्दंड वजा जाता 4,000 मधले 1,400 उरत असतील, तर प्रमाण 35 टक्के. 1 भागिले 0.35 म्हणजे 2.86, ही ना-नफा-ना-तोटा पातळी. या दुकानाला महिन्यात विपणनानंतर 27,000 रुपये सुटले, आणि त्यातून भाडे-पगार अजून द्यायचे आहेत. पॅनेलवरच्या 5.88 कडे बघून बजेट वाढवणाऱ्याला ही तंगी दिसत नाही.

बजेट वाढवताना मात्र हे गुणोत्तरही फसवू शकते. समजा, पुढच्या महिन्यात खर्च 3,25,000 केला आणि विक्री 9,60,000 झाली. गुणोत्तर 2.95, म्हणजे अजून पातळीच्या वर. पण वाढीव 1,00,000 रुपयांनी फक्त 2,40,000 ची विक्री आणली. त्या भागाचे गुणोत्तर 2.4, म्हणजे वाढवलेला पैसा तोट्यात गेला. म्हणून सरासरीबरोबर वाढीव खर्चाचे गुणोत्तर वेगळे काढावे. तो महिना दिवाळीचा असेल, तर हेही पुरत नाही, कारण सणाची मागणी जाहिरातीशिवायही वाढते आणि श्रेय जाहिरातीच्या खात्यात जमा होते.

कोणता मंच किती विक्री आणतो, हे मिश्र गुणोत्तर सांगतच नाही. त्यासाठी एकसारखी मागणी असलेल्या शहरांचे दोन गट निवडून एका गटात मेटाच्या जाहिराती तीन-चार आठवडे बंद ठेवाव्यात आणि दोन्हीकडची वहीतली विक्री ताडून पाहावी. गूगलवर स्वतःच्या दुकानाच्या नावासाठी दिलेल्या जाहिरातींची अशी परखड तपासणी आधी करावी, कारण तिथे येणाऱ्यातले बरेच जण नाहीतरी दुकानच शोधत आलेले असतात.