भाडेकरूच्या गैरहजेरीत मालकाचा सदनिकेतील प्रवेश (महाराष्ट्र)

भाड्याने दिलेल्या सदनिकेत भाडेकरू बाहेरगावी असताना मालकाने स्वतःजवळच्या किल्लीने शिरावे काय, या प्रश्नाला महाराष्ट्रापुरते उत्तर असे : पूर्वसूचना देऊन, वाजवी वेळी, पाहणीसाठी जाता येते, सूचनेवाचून, केवळ मालकीच्या बळावर, जाता येत नाही. आणीबाणीच्या प्रसंगाचा विचार वेगळा करावा लागतो.

याचा मुख्य आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) याचे कलम २८ हा आहे. ‘भाड्याने अथवा लायसन्सवर दिलेल्या’ जागेची वाजवी वेळी, भाडेकरू, लायसन्सधारक किंवा भोगवटादार यास आगाऊ सूचना देऊन पाहणी करण्याचा हक्क हे कलम मालकास देते. सूचना किती तास आधी द्यावी आणि ती लेखीच असावी काय, हे कलमात सांगितलेले नाही. पाहणीच्या हक्कात कुलूप तोडण्याचा किंवा सामान हलविण्याचा हक्क येतो, असेही त्यात म्हटलेले नाही.

वादाचा मुद्दा लायसन्सधारकाच्या, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी केवळ वापराच्या परवानगीवर राहणाऱ्याच्या, दर्जाचा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे अधिनियमाने भाडेकरूस दिलेले संरक्षण टाळण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पद्धत पुढील दोन-तीन दशकांत रुजली असे सामान्यतः मानले जाते. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना पुढे कायद्यानेच भाडेकरू ठरविले, यावरून तिचा तोवरचा प्रसार लक्षात येतो. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार लायसन्सने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. त्यावरून एका मताप्रमाणे कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो व तो केव्हाही आत जाऊ शकतो. दुसऱ्या मताप्रमाणे दस्ताच्या नावापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार पाहावा. असोशिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर (१९५९) या खटल्यात दिल्लीतील एका हॉटेलातील केशकर्तनाच्या दालनांचा ‘लायसन्स’ म्हटलेला दस्त सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने भाडेपट्टा ठरविला, तो याच दृष्टीने. मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २४ च्या स्पष्टीकरणाने लेखी लायसन्स-करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला असल्याने, निवासी जागेच्या बाबतीत त्या निवाड्याचा आधार येथे काहीसा दुबळा पडतो. तरीही प्रस्तुत प्रश्नापुरते पहिले मत टिकणारे दिसत नाही. कलम २८ मध्ये लायसन्सधारकाचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि लायसन्स असले म्हणून सूचनेची अट सुटत असती तर तो उल्लेख निरर्थक ठरला असता.

भाडेपट्ट्याच्या बाबतीत स्थिती अधिक सरळ आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ भाडेकरूस निर्वेध उपभोगाची हमी देते आणि त्याच कलमात मालकास व त्याच्या माणसांस वाजवी वेळी जागा पाहू देण्याचे बंधनही त्याच्यावर घालते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार अधिनियमात किमान २४ तासांची सूचना, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी प्रवेशास मनाई आणि आग, पूर अशा आपत्तीत सूचनेवाचून प्रवेश अशा स्पष्ट तरतुदी आहेत. तो राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही. करार लिहिताना नमुना म्हणून मात्र उपयोगी पडतो.

आणीबाणीचे नेहमीचे उदाहरण गळतीचे. भाडेकरू गणपतीसाठी आठ दिवस गावी गेला आहे, खालच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या छतातून पाणी ठिबकते आहे आणि फोन लागत नाही, असे समजू. पहिले काम कुलूप उघडण्याचे नव्हे, तर गच्चीवरून त्या सदनिकेला येणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करण्याचे. त्याने गळती थांबली तर आत शिरण्याची निकड संपते, आणि भाडेकरू परतेपर्यंत थांबता येते. न थांबल्यास मालकाने वेळ व कारण लिहून संदेश पाठवावा, सोसायटीचा सचिव व एखादा शेजारी यांना बरोबर घ्यावे, दार उघडण्यापासून बंद करण्यापर्यंतचे चित्रीकरण करावे, नळ बंद करून बाहेर पडावे व झालेल्या कामाची नोंद दोघांच्या सह्यांनिशी ठेवावी. प्लंबरबरोबर कपाटेही उघडून पाहिली, तर निकडीचा बचाव तेथेच संपतो.

फौजदारी बाजूस भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ (पूर्वीचे भारतीय दंड संहिता कलम ४४१ व पुढील) लागू होऊ शकते. त्यात मालकी कोणाची याला नव्हे, ताबा कोणाचा याला महत्त्व आहे. पण अपराध करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, म्हणून निव्वळ आगंतुक पाहणी गुन्हा ठरेलच असे नाही. मालकाने कुलूपच बदलले तर प्रश्न प्रवेशाचा न राहता बेदखलीचा होतो, आणि विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो.

नोंदणीकृत करारांच्या प्रचलित मसुद्यात वाजवी सूचनेनंतर पाहणीचे कलम बहुधा असतेच. दुसरी किल्ली कोणाकडे राहील, हे मात्र क्वचित लिहिलेले आढळते. करार नोंदविलेला नसेल, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे ‘केव्हाही येण्याचे तोंडी ठरले होते’ हा मालकाचा खुलासा अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही.