पुणे ‘एक्स’ शहर, तरीही चाळीस टक्केच

केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी पुणे हे मुंबई-दिल्लीच्या बरोबरीने ‘एक्स’ श्रेणीत मोडते, आणि त्यामुळे पुण्यात घर असल्यास प्राप्तिकरातही मुंबईइतकीच सवलत मिळेल असा अनेकांचा समज होतो. वास्तविक या दोन याद्या वेगळ्या आहेत. ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ या श्रेणी सरकारी कर्मचाऱ्याला भत्ता किती द्यायचा हे ठरवतात. मिळालेल्या भत्त्यापैकी किती रक्कम करमुक्त धरायची, हे १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतील नियम २अ ठरवत आला. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या हिशेबात त्या नियमानुसार मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे, बाकी सगळीकडे ४० टक्क्यांची. ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

येथे पगार म्हणजे मूळ वेतन, आणि निवृत्तिलाभांसाठी धरला जात असेल तर महागाई भत्ताही. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, शहरानुसार ५० किंवा ४० टक्के पगार, आणि भरलेल्या भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम, या तिघांतील सर्वांत लहान आकडा करमुक्त ठरतो.

समजा, पुण्यातील खासगी कंपनीत एका कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दरमहा ५०,००० रुपये, भत्ता २५,००० रुपये आणि भाडे २८,००० रुपये आहे. महागाई भत्ता नाही. भाड्यातून ५,००० रुपये वजा जाता २३,००० उरतात, पण ४० टक्क्यांची मर्यादा २०,००० वरच अडवते, त्यामुळे भत्त्यातील ५,००० रुपये करपात्र होतात. हेच घर मुंबईत असते तर २३,००० करमुक्त झाले असते, म्हणजे शहरामुळे पडणारा फरक ३,००० रुपयांचा आहे. भाडे २२,००० असते तर मात्र दोन्ही शहरांत १७,००० हाच आकडा आला असता. शहराचा प्रकार तेव्हा हिशेबात उतरतच नाही.

केंद्रीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत तर तो सहसा उतरत नाहीच, कारण महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यापासून ‘एक्स’ शहरातला भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे आणि ती रक्कम ४० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा आधीच कमी भरते. त्याचे नुकसान होते ते भाडे कमी असल्यास, आणि महागाई भत्त्यामुळे वजा होणारे १० टक्के फुगल्याने ते अधिकच जाणवते. म्हणून माझ्या मते शहराची चौकशी करण्याआधी तिघांपैकी कोणता आकडा लहान आहे ते पाहावे.

शहर बघायचेच झाले तर कार्यालयाचे नव्हे, भाड्याच्या घराचे बघावे: नोकरी मुंबईत आणि घर नाशकात असेल, तर मर्यादा ४० टक्क्यांचीच लागते.