पुरवठादार गुणपत्रक

माल ठरल्या तारखेला आला का आणि आलेल्यापैकी किती नाकारावा लागला, या दोन नोंदींवरून कारखाना आपल्या पुरवठादारांना दर तिमाहीला जे गुण देतो, त्याचा तक्ता म्हणजे पुरवठादार गुणपत्रक. बोलताना सगळे याला ‘व्हेंडर रेटिंग’च म्हणतात. पुरवठादारांच्या कामगिरीवर लक्ष ठेवावे, असे आयएसओ ९००१:२०१५ या मानकाचे कलम ८.४ सांगते, गुण कसे काढायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. खरी गफलत तिथेच होते.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना कल्पनेने समोर ठेवू. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून जुलै ते सप्टेंबर या काळात त्याच्याकडे दोन-दोन हजार नगांचे १२ लॉट आले. गुणांची विभागणी दर्जाला ६०, वेळेला ४०. एकूण ८० किंवा जास्त झाले तर ‘अ’ श्रेणी. गेटवरच्या नोंदीप्रमाणे ९ लॉट वेळेत पोचले, म्हणजे ३० गुण. पण यातले तीन लॉट चवथीच्या आदल्या दिवशी आले आणि स्टोअर उघडल्यावर त्यांचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरमधली नोंद, झाला. संगणक जीआरएनची तारीख धरत असेल, तर वेळेतले लॉट उरतात ६ आणि गुण २०. सुट्टी कारखान्याची, गुण गेले पुरवठादाराचे. म्हणून तारीख गेटचीच धरावी. पावसात घाटात ट्रक अडकला तर कारण शेऱ्यात लिहावे. पर्चेस ऑर्डरवरची मूळ तारीख मागाहून पुढे ढकलू नये, नाहीतर उशीर कागदावरून पुसला जातो.

दर्जाचे गणित अधिक फसवे. दोन लॉट तपासणीत नापास झाले, निवडून पाहिल्यावर प्रत्येकी ३०० नग खराब निघाले. नगांवर हिशेब केला तर रिजेक्शन फक्त अडीच टक्के, गुण ५८.५. लॉटवर केला तर १२ पैकी १० पास, गुण ५०. निवडण्यात माणसे अडकली, मशीन थांबले, हा त्रास लॉटच्या हिशेबातच दिसतो. त्यामुळे नगांची टक्केवारी सोबत दाखवावी, गुण मात्र लॉटवर द्यावेत, हे बरे. अशा रीतीने एकूण होतात ८०, श्रेणी ‘अ’.

पण सप्टेंबरमध्ये पास झालेल्या एका लॉटमध्ये ऑक्टोबरात मशीनिंगच्या वेळी पोकळ्या सापडल्या, तर? असे दोष कास्टिंगच्या पोटात असतात, वरून दिसत नाहीत. रिजेक्शनच्या चिठ्ठीवर लॉट क्रमांक असेल तर जुनी तिमाही दुरुस्त करता येते: ९ लॉट पास, दर्जाचे ४५, एकूण ७५, श्रेणी ‘ब’. क्रमांक नसेल तर दोष कोणाच्याच खात्यात जात नाही.

पर्चेस मॅनेजरकडे हा तक्ता तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्यात जातो. तिमाहीत दोनच लॉट देणाऱ्याचा एक चुकला की वेळेचे निम्मे गुण जातात. अशांचे चार तिमाह्यांचे आकडे एकत्र वाचावे लागतात.